एका टिंबाची हकालपट्टी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जबलपूर शहरात भर दुपारी, सुमारे साठ साक्षीदारांसमक्ष, मराठी भाषेतील एक अनुस्वार त्याच्या जागेवरून हटविण्यात आला. कारवाईत कोणीही जखमी झाले नाही. विभागप्रमुखांना किंचित निराशा झाली, तेवढीच.

त्याचं असं झालं. मी नोकरी करतो दुसऱ्या शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची, पण माझं टेबल जबलपुरात, घरच्या खिडकीपाशी. हे कळल्यावर रिछाईच्या औद्योगिक वसाहतीपलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विभागप्रमुखांनी मला फोन केला. ‘‘बच्चों को कुछ बता दीजिए, चालीस मिनट।’’ विषय मी दिला होता ‘पहिलं ओपन सोर्स योगदान’. फलकावर रंगीत खडूंनी लिहिलेलं होतं, ‘ओपन सोर्स में अपार संभावनाएँ’. त्या संभावनांच्या खाली मी एक टिंब घेऊन उभा राहिलो.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे मी पाच मिनिटांत उरकलं. एखाद्या प्रोग्रामचा मजकूर सगळ्यांसाठी खुला ठेवलेला असतो. कोणीही तो वाचावा, स्वतःकडे नक्कल करून घ्यावी, चूक सापडली तर दुरुस्त करून मूळ मालकांकडे पाठवावी. ती दुरुस्ती घ्यायची की नाही, हे मालक ठरवतात. मुलं मान हलवत होती. जेवणानंतरची वेळ होती, त्यामुळे काही माना आपोआप हलत होत्या.

मग मी माझा ऐवज बाहेर काढला. ‘‘पाच मिनिटांपूर्वी, दोन तासांपूर्वी’’ असा मजकूर निरनिराळ्या भाषांमध्ये दाखवणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी उचलून वापरायचा तयार तुकडा, आहे. कुठल्या तरी अॅपमध्ये एकाच्या टिपणीखाली मला तिचं मराठी दिसलं होतं: ‘1 दिवसांपूर्वी’. मी लायब्ररीच्या पानावर रीतसर तक्रार नोंदवली. तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंनी तिच्यावर ‘नवख्यांसाठी चांगलं काम’ असं लेबल लावलं. मला ती चूक दोन मिनिटांत दुरुस्त करता आली असती. पण मी ती या भाषणासाठी जपून ठेवली, पाहुण्यांसाठी डब्यात शेव ठेवावी तशी.

हॉलमध्ये सगळे हिंदी बोलणारे. त्यांना अनुस्वार काय समजावणार? मी फळ्यावर लिहिलं, ‘1 दिनों पहले’. हॉल हसला. ‘‘बस, यही गलती है,’’ मी म्हणालो. ‘‘एक दिवस असेल तर दिवसापूर्वी. जास्त असतील तर दिवसांपूर्वी. फरक एका टिंबाचा.’’

‘‘इतना ही?’’ पहिल्या रांगेतून विभागप्रमुख म्हणाले. ‘‘एक बिंदी?’’

‘‘एकच, सर.’’

त्यांनी संभावनांच्या फलकाकडे एकदा पाहिलं.

मी विचारलं, मराठी कोणाला येतं? मग तिसऱ्या रांगेत एका मुलीला शेजारणींनी कोपरं मारायला सुरुवात केली. ‘‘ये है सर, इसके घर में बोलते हैं।’’ ती अर्धवट उभी राहिली. ‘‘समझ में आती है सर. बोलनी नहीं आती.’’ वडील संरक्षण कारखान्यात, मूळ घर वर्धेकडचं. घरी आई मराठीत विचारते आणि ही हिंदीत उत्तर देते. आमच्या गावात अशी घरं गल्लीला दोन आहेत. माझंही त्यातलंच होतं, म्हणून मी ओळखतो. नंतर चहाच्या वेळी तिने कारणही सांगितलं. दहावीच्या सुट्टीत पुण्याला लग्नाला गेली होती, तिथे हिने तोंड उघडलं की मावसभावंडं हसायची. तेव्हापासून तोंड बंद.

मी तिला मंचावर बोलावलं. माझ्या लॅपटॉपवर तिने स्वतःच्या खात्यात त्या प्रकल्पाची नक्कल घेतली, मग ती लॅपटॉपवर उतरवली, मूळ मजकुराला धक्का नको म्हणून वेगळी शाखा काढली. मी शेजारी उभा राहून जादूगाराच्या थाटात हातवारे करत होतो. मराठीची फाईल उघडली. प्रत्येक मापाला दोन ओळी होत्या, एक एकवचनाची, एक अनेकवचनाची. मिनिट, तास, महिना, वर्ष सगळे बरोबर होते. फक्त ‘दिवस’च्या एकवचनावर ते टिंब ऐटीत बसलेलं. तिने ते पुसलं, फाईल सेव्ह केली.

‘‘आता पाठवायच्या आधी काय बदललं ते नेहमी पाहायचं,’’ मी सभागृहाला उद्देशून गंभीरपणे म्हणालो आणि बदलांची यादी पडद्यावर आणली.

पडदा वरपासून खालपर्यंत लाल आणि हिरवा; लाल म्हणजे जुनी ओळ, हिरवी म्हणजे नवी. अख्खी फाईल बदललेली.

‘‘सर,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘बिंदी तो एक ही निकाली थी.’’

हॉल दुसऱ्यांदा हसला, आणि या वेळी कारण मी होतो. माझा एडिटर, म्हणजे ज्यात फाईल उघडली तो प्रोग्राम, सेव्ह करताना तिची मांडणी आपल्या आवडीने बदलतो; चार जागा सोडायच्या तिथे दोन सोडतो. त्यामुळे प्रत्येक ओळ ‘बदललेली’. असा बदल पाठवला असता, तर त्या बाईंना शंभर ओळींत ते टिंब शोधत बसावं लागलं असतं. आम्ही सगळं रद्द केलं, एडिटरची ती खोड बंद केली आणि टिंब दुसऱ्यांदा पुसलं. आता यादीत एक लाल ओळ, एक हिरवी ओळ. चाळीस मिनिटांच्या भाषणातलं सगळ्यात उपयोगी वाक्य माझं नव्हतं, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

मग चाचण्या चालवल्या. प्रकल्पात अपेक्षित उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. प्रोग्राम तेच देतो की नाही, हे यंत्र तपासतं. एक चाचणी नापास. अपेक्षित: ‘1 दिवसांपूर्वी’. मिळालं: ‘1 दिवसापूर्वी’.

तिचा चेहरा उतरला. ‘‘मैंने तोड़ दिया?’’

‘‘नाही. ज्याने चाचणी लिहिली, त्याने फाईलमधलंच वाक्य उतरवून घेतलं. उत्तरपत्रिका चुकीची होती, म्हणून बरोबर उत्तर नापास झालं.’’

मागून एक जण म्हणाला, ‘‘सर, ये बात हमारे एग्जाम वालों को भी बता दीजिए।’’ विभागप्रमुखांनी मागे वळून पाहिलं. मागे अचानक सगळेच अभ्यासू दिसू लागले.

तिने चाचणीतलंही टिंब काढलं. सगळं हिरवं, म्हणजे पास. पाठवण्याआधी माझ्या लक्षात आलं की लॅपटॉप माझा, म्हणजे बदलावर नावही माझंच जाणार. ते तेवढ्यापुरतं बदलून तिचं नाव आणि ईमेल घातलं. खाली एका ओळीत काय केलं ते लिहिलं आणि बदल पाठवला. टाळ्या झाल्या. मी सांगितलं, आता वाट पाहायची. नवख्याच्या चाचण्या तिकडे आपोआप चालत नाहीत, कोणाला तरी आधी पाहून हो म्हणावं लागतं. विभागप्रमुख म्हणाले, ‘‘तो सर्टिफिकेट कब आएगा?’’

पुढच्या शनिवारी मला पुन्हा बोलावलं होतं. मला द्यायचं सन्मानचिन्ह छापून यायला आठवडा लागला होता. चिन्ह घेऊन मी लॅबमध्ये डोकावलो, तर ती एकटी संगणकापुढे बसलेली. त्या बाईंचं उत्तर आलं होतं. विनम्र होतं, पण सरळ: मला मराठी वाचता येत नाही. तुम्ही मजकुराबरोबर चाचणीही बदलली आहे, म्हणून विचारते. तक्रार करणाऱ्याचं मत मला ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाचं तरी हवं. तुम्ही स्वतः मराठी बोलता का? खात्री आहे का?

रास्त प्रश्न होता. नापास होणारी चाचणीच बदलून टाकणाऱ्याला कोणीही दोनदा विचारावं. आणि त्या तक्रार करणाऱ्याला, म्हणजे मला, तिथे आता काही किंमत उरलेली नव्हती.

तिने उत्तर टाईप करून ठेवलं होतं, पाठवलं नव्हतं. मी खांद्यावरून वाचलं. ‘माफ करा, माझी मराठी चांगली नाही. खात्री नाही. कृपया हे बंद करा.’

‘‘हे काय?’’

‘‘सर, उन्होंने पूछा है बोलती हो क्या. झूठ कैसे लिखूँ?’’

‘‘घरी विचारलंस?’’

‘‘आई से पूछा. वो बोली, ‘दिवसापूर्वीच तं म्हणतो आपण, काय विचारून राहिली तू?’ लेकिन आई की मराठी पर भी तो पुणे में सब हँसते हैं।’’

पाठवण्याचं बटण दाबलं की तिचं पहिलंच योगदान तिने स्वतः बंद केलेलं असणार. त्याहून वाईट म्हणजे, तिला मराठी येत नाही, हे आता एका सार्वजनिक पानावर तिच्याच शब्दांत कायमचं लिहिलेलं राहणार. माझे हात शिवशिवत होते. कीबोर्ड ओढून व्याकरणाचा एक परिच्छेद ठोकून दिला असता तर काम झालं असतं, पण मग दुसरं मतही माझंच ठरलं असतं.

मी वेगळा मार्ग घेतला. तो फारसा सभ्य नव्हता. खुर्ची ओढून बसलो, सन्मानचिन्ह मांडीवर ठेवलं आणि सुस्कारा सोडून म्हणालो, ‘‘चलो, बंद करून टाक. बरोबर आहे तुझं. पुण्याकडे एका दिवसालाही टिंब देत असतील. आपल्याला काय कळतंय?’’

तिने माझ्याकडे पाहिलं.

‘‘तुझ्या आईचंच चुकलं असेल,’’ मी पुढे म्हणालो. ‘‘एक दिवसांपूर्वी. ऐकायला किती भारदस्त वाटतं नाही? एक दिवसांपूर्वी मी बाजारात गेलो. एक दिवसांपूर्वी आमच्याकडे पाहुणे आले.’’

प्रत्येक वाक्याला तिच्या कपाळावरची आठी वाढत होती. कोणी पोळीची कड जाळत असावं आणि आपल्याला चुलीपाशी जाता येत नसावं, तसा चेहरा.

शेवटी तिने माफीचं उत्तर पुसलं आणि इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या: हो, माझ्या घरी मराठी बोलतात, मी ऐकत मोठी झाले, मला खात्री आहे. खाली दोन उदाहरणं दिली, एका दिवसाचं आणि दोन दिवसांचं. त्या बाईंनी रविवारी बदल स्वीकारला. त्या पानावर तिचं नाव आणि त्या तीन ओळी आजही आहेत, नीटनेटक्या.

पण खरा पुरावा तिथे नाही. तो मी ऐकला. ‘‘एक दिवसांपूर्वी’’ मी चौथ्यांदा म्हणालो, तेव्हा माफी पुसायच्या आधी, लॅबमधले पंखे आणि मी एवढेच ऐकायला असताना, ती मुलगी, जिला मराठी बोलता येत नव्हती, टेबलावर हात आपटून ओरडली:

‘‘अहो, दिवस एकच आहे नं, सर! मंग त्याच्या डोक्यावर टिंब काहून देऊन राहिले?’’