वाढलेल्या ठेवींचं बक्षीस

माझ्या टेबलावर एक पितळी मुलामा दिलेली ढाल आहे. ठेवींमध्ये सर्वाधिक वाढ, अंधेरी शाखा. ती ढाल पाहिली की माझं डोकं फिरतं, आणि ती हलवताही येत नाही, कारण विभागीय साहेब शाखेत आले की सर्वांत आधी तीच शोधतात.

बँकेत मी आयुष्यभर परदेशी व्यवहार सांभाळले. बाहेरून डॉलर आले की ते माझ्या टेबलावरून रुपये होऊन गिऱ्हाइकाच्या खात्यात जायचे. एमआयडीसीतल्या एका गाळ्यात ग्राफिक्सचा स्टुडिओ आहे, तिथला मालक माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मालवणकडचा, वडील गिरणीत होते. परदेशी सिनेमांतल्या आगी, पूर, कोसळणाऱ्या इमारती हा आणि याच्याकडे कामाला असलेली पोरं कॉम्प्युटरवर बनवतात. मला तो पहिल्या दिवसापासून ताई म्हणतो, आणि त्याचे डॉलर माझ्याच टेबलावरून यावेत हा माझा हट्ट होता. खरं तर माझं टेबल टिकलं होतं ते त्याच्यावरच.

तो गेला तो आमच्याच कर्माने. परदेशातून पैसे आले की ते कशाबद्दल आले याचा एक कोड द्यावा लागतो. याचं काम सिनेमाचं की सॉफ्टवेअरचं, यावर मुख्य कार्यालय दर वेळी नव्याने घोळ घालायचं. खोट्या आगीचे खरे पैसे म्हणजे नक्की काय, हे त्यांना कधी कळलंच नाही. पैसे अडकायचे, तो माझ्यासमोर येऊन बसायचा आणि मी फोनवर भांडायचे. एकदा तर एक रक्कम आल्या वाटेने परत गेली. मग तिकडच्या कंपनीनेच त्याला सुचवलं की स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे डॉलरला बांधलेल्या डिजिटल नाण्यात घे, मिनिटात मिळतील.

"ताई, यात चढउतार नाही," तो मला समजावत होता. "एक टोकन म्हणजे एक डॉलर. काढणारी कंपनी तेवढे डॉलर बाजूला ठेवते."

"बाजूला म्हणजे अमेरिकी सरकारच्या रोख्यांत ठेवते, आणि त्यावरचं व्याज ती खाते," मी म्हटलं. "तुला काय मिळालं? आणि निर्यातीचे पैसे बँकेतूनच यायला हवेत रे. उद्या कुणी विचारलं तर?"

"बँकेतून आणत होतो ना? तुम्हीच परत पाठवलेत."



पुढे मात्र भलतंच घडलं. त्याचे डॉलर यायचे बंद झाले आणि खात्यातले रुपये वाढायला लागले, कारण आता पैसे अडकत नव्हते. भाडं, वीज, पगार यांना रुपये लागतातच. म्हणून तो ॲपवर टोकन विकायचा, आणि विकत घेणारी अनोळखी माणसं त्याच्या खात्यात रुपये भरायची. कुणी इंदूरचा, कुणी सुरतेचा. त्याचं बघून शेजारपाजारचे चार स्टुडिओही तेच करू लागले, आणि त्यांचीही खाती आमच्याकडेच. मार्च एंडिंगला एरवी आम्ही ओळखीपाळखीच्या लोकांना हात जोडतो, चार दिवस पैसे आमच्याकडे ठेवा म्हणून. त्या मार्चला हात जोडावे लागले नाहीत.

मी वर कळवलं की हे व्यवहार संशयास्पद आहेत, तपासा. उत्तर आलं ते पवईतल्या हॉटेलात होणाऱ्या बैठकीच्या निमंत्रणाचं. तिथे विभागीय साहेबांनी ही ढाल माझ्या हातात दिली आणि दोन शब्द बोला म्हणाले.

मी बोलले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "या ठेवी नव्या नाहीत. दुसऱ्या बँकेतल्या माणसाच्या खात्यातून निघून आमच्याकडे आल्यात. देशातला एकूण पैसा एका पैशाने वाढलेला नाही. आणि जे यायला हवे होते ते डॉलर आलेच नाहीत. ते आले असते तर बाजारात विकले गेले असते, प्रसंगी रिझर्व्ह बँकेने घेतले असते. मग त्यापोटी रुपये किती सोडायचे, किती परत शोषून घ्यायचे, हे तिच्या हातात राहिलं असतं. आता डॉलर तिकडेच राहतो आणि त्याची चिठ्ठी, म्हणजे हे टोकन, अंधेरीत फिरते. आपल्या आकड्यांत ती कुठेच दिसत नाही."

साहेब हसले. "मॅडम, तुमचा आकडा वाढलाय ना? मग झालं तर."

चहाच्या वेळी आमच्याच बँकेतला एक तरुण अर्थतज्ज्ञ माझ्याजवळ आला. अगदी अदबीने म्हणाला, "तुमचं चुकत नाहीये, पण पाच स्टुडिओंनी देशाचा चलनपुरवठा हलत नाही. लोक रुपयात कमावतात, रुपयात कर भरतात, तोवर धोका लहान आहे." त्याचं खरंही असेल. पण लहान आहे तोवर बघायचं नाही, तर मग कधी बघायचं? मला त्याच्या अदबीचाच राग आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांचं पत्र आलं. टोकन घेणाऱ्यांपैकी एकाने भरलेले रुपये कुणा म्हातारीला फसवून आणलेले होते. माझ्या स्टुडिओवाल्याचं खातं गोठवा. पूर्ण खातं. ते गोठवणारी बोटं माझी. तो आला तेव्हा पगाराची तारीख तोंडावर होती.

"ताई, मी कुणाला फसवलं?"

"तू नाही रे. पण पैसे कुणाचे ते तुला माहीत होतं का?"

 मग त्याची नजर ढालीकडे गेली. "ही आमच्याच ठेवींची ना?"

मी हो म्हटलं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मला वाटलं, आता तरी हा शहाणा होईल, टोकन सोडून माझ्या टेबलाकडे परत येईल. मी मुख्य कार्यालयाशी भांडून त्याच्या कामाचा कोड कायमचा ठरवूनही घेतला. झालं उलटंच. खातं गोठलेलं, म्हणून त्याने पोरांना पगार टोकनमध्ये दिला. पोरं खूश. ज्याच्याकडून गाळा भाड्याने घेतला होता त्यालाही भाड्यापोटी टोकन चालू लागलं, कारण त्याचा मुलगा परदेशात शिकतो. मधली तूट भागवायला तो येणाऱ्या बिलांच्या भरवशावर टोकनच कर्जाऊ घेऊ लागला. खातं मोकळं व्हायला महिने लागले, तोवर त्याला रुपयाची गरजच फारशी उरली नव्हती.

खातं मोकळं झालं त्या आठवड्यात तो आला, खातं बंद करायला. त्याच सकाळी आमचे नवे दर आले होते. रिझर्व्ह बँकेने बँकांना पैसे उसने देण्याचा आपला रेपो दर कमी केला होता, आणि दाराच्या काचेवर मी दरपत्रक चिकटवत होते.

"अरे, ओव्हरड्राफ्ट स्वस्त झालाय," मी म्हटलं. "कोडचं कामही मी करून ठेवलंय. एकदा डॉलर इथून आणून तर बघ."

"ताय गो, रेपो वाढलो काय नि उतारलो काय, आता माका काय फरक पडता?" तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. मला वाईट वाटू नये म्हणून तो मुद्दाम घरच्या बोलीत बोलला होता.

कागदाचं एक टोक सारखं सुटत होतं. त्याने माझ्या हातातली चिकटपट्टी घेतली, दाताने तुकडा तोडला आणि ते टोक नीट दाबून बसवलं. कागद त्याच्या नाकासमोर होता, दर ठळक अक्षरांत छापलेला होता. त्याने तो वाचला नाही.