ऑडिट आटोपल्यावर

आमच्या सौंसरात तारखेला कोणी विचारत नाही. लग्न कधी, तर संत्रा तुटल्यावर. घराला रंग कधी, तर कापूस विकल्यावर. एका आजोबांनी दम तोडतानासुद्धा "एवढी वेचणी होऊन जाऊ द्या" म्हटलं आणि वेचणी होईपर्यंत खरंच थांबले, असं आमच्या गल्लीत शपथेवर सांगतात. मी त्याच गल्लीतली. म्हणून माझं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरीचं झालंच नसतं.

सीएच्या इंटरचा माझा पहिला ग्रुप निघाला तेव्हा पांढुर्णा अजून जिल्हा व्हायचा होता. तेव्हाच्या नियमात एक ग्रुप निघाला की आर्टिकलशिप धरता येत असे. सीएच्या हाताखाली तीन वर्षं काम करायचं आणि दुसरा ग्रुप मधल्या काळात सोडवायचा. नागपूरच्या एका फर्मची शाखा पांढुर्ण्यात होती आणि तिथे एक भागीदार स्वतः बसत. मुलाखतीला गेले तर टेबलावर फायलींचा एवढा डोंगर, की पलीकडे माणूस आहे हे फक्त चहाच्या वाफेवरून कळलं. डोंगरामागून आवाज आला, "जिनिंगचा स्टॉक कसा तपासशील?"

मी सांगितलं. कापसाच्या गाठी, सरकी, ओलाव्यातली घट, सगळं सांगितलं. आमच्याकडे हे पोरं पाळण्यात शिकतात. साहेब उठून उभे राहिले तेव्हा कळलं की ते उंच आहेत.

"छान. कळवतो."

आणि कळवलंच नाही. फोन हातात धरून धरून माझ्या तळहातावर त्याचा ठसा उमटला. शेवटी ठरवलं, आपणच मेल करायचा. मुलाखतीबद्दल आभार, काम करायची इच्छा, सगळं इंग्रजीत झोकात लिहिलं. अडलं ते शेवटच्या ओळीवर. दुसरा ग्रुप मला नोव्हेंबरात द्यायचा होता. सहा दिवस काम केलं की एक दिवस रजा जमा होते. मार्चात लागले तर सप्टेंबर संपेपर्यंत महिनाभर साठली असती. पण व्यापाऱ्यांच्या टॅक्स ऑडिटची शेवटची तारीखही सप्टेंबरअखेरच. त्या दिवसांत सीएच्या ऑफिसात रजा हा शब्द काढणं म्हणजे जिनिंगमधे काडी ओढणं.

तरी लिहिलं: एक ऑक्टोबरपासून परीक्षेपर्यंत अभ्यासाची रजा लागेल.

बाबा नगरपालिकेत नळाच्या खात्यात. अख्ख्या सौंसरचं पाणी त्यांच्या चावीवर चालायचं, आणि चावीवाला माणूस कसा बोलतो ते त्यांना ठाऊक होतं. मेल मी त्यांना मराठीत वाचून दाखवला.

"तारीख नोको लिहू, पोरी."

"काहून?"

"अजून खुर्चीवर बसली नाही अन् उठाची तारीख सांगून राहिली? मानसाले राग येते. लिही, तुमचं ऑडिट आटोपल्यावर. त्याले बी बरं वाटन. पोरगी आपल्या कामाचा इचार करते म्हनन."

मला ते इतकं पटलं की मी त्यांना डबल चहा करून दिला. तारीख खोडली. 'या हंगामाचं टॅक्स ऑडिट पूर्ण होईपर्यंत मी पूर्ण वेळ हजर राहीन; त्यानंतर परीक्षेसाठी रजा मिळावी.' आमच्या दोघांच्या डोक्यात एक ऑक्टोबर आणि ऑडिट आटोपणं एकच होतं. संत्रा तुटतो तेव्हा तुटतो, ऑडिट संपतं तेव्हा सप्टेंबर संपतो.

त्याच दुपारी उत्तर आलं: "तुझी अट मान्य. आर्टिकलशिपआधीचं सक्तीचं ट्रेनिंग संपव आणि रुजू हो." बाबांनी नळाला सुटी द्यायचीच बाकी ठेवली होती.

पुढचे महिने मी सौंसर-पांढुर्णा बसमधे उभ्यानं काढले. इतकी उभी राहिले की कंडक्टर मला खांब समजून पिशव्या टांगायचा. माझ्यावरचा सीनियर आर्टिकल, ज्याला मी दादा म्हणायची, एकदा म्हणाला, "तू खरंच रजेचं आधी लिहिलं? आम्ही तर कोनी बोललोच नाही."

"मान्य केली ना साहेबांनी."

"मान्य तं केली," दादा म्हणाला आणि पुन्हा व्हाउचरात घुसला.

सप्टेंबरात आम्ही जेवणसुद्धा फायलीवर ठेवून केलं. शेवटच्या आठवड्यात मी घरी पुस्तकं काढून ठेवली, ऑडिटचं सर्वांत वर. आता दिवसभर ऑडिटच करत होते, पण त्याच विषयात आधी दोनदा नापास झाल्याची माझी ख्याती होती.

मग एका दुपारी बातमी आली: सरकारनं तारीख पुढे ढकलली.

पांढुर्ण्यात तेवढा आनंद दिवाळीलाही होत नाही. जिनिंगवाले शेठ स्वतः जिलबी घेऊन आले. ज्यांचे कागद वर्षभर सापडत नव्हते ते फोनवर सांगू लागले, आता आरामात देतो. दादानं खुर्ची मागे टाकून पाय पसरले. मी जिलबी हातात धरून साहेबांपुढे उभी राहिले. रजेचा अर्ज मी नियमाप्रमाणे पंधरा दिवस आधीच दिला होता.

"सर, परवापासून माझी रजा..."

"ऑडिट आटोपलं का, बेटा?"

"नाही, पण तारीख तर..."

त्यांनी फोनवर माझा मेल काढला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो शांतपणे वाचला, माझंच इंग्रजी, माझ्यापेक्षा चांगल्या उच्चारात.

"मी तुला हे लिहायला सांगितलं होतं?"

"नाही, सर."

"त्या वेळी दोघं जण होते माझ्यापुढे. दुसऱ्यानं रजेचं काहीच लिहिलं नाही. तू लिहिलं की हंगाम पूर्ण करीन. मी त्या ओळीवर घेतलं तुला."

बाबांचं म्हणणं अक्षर अन् अक्षर खरं निघालं होतं. ती ओळ साहेबांना आवडली होती.

नियम माझ्या बाजूनं होता. साठलेली रजा परीक्षेसाठी मिळायलाच हवी. तक्रार करता आली असती. पण तीन वर्षं संपल्याच्या कागदावर सही त्यांचीच लागायची, आणि सौंसर-पांढुर्ण्यात आर्टिकल घेणारे सीए किती, ते मोजायला एका हाताची बोटंही जास्त होती. मी जिलबी परत डब्यात ठेवली.

पुढे तारीख आणखी एकदा वाढली. ऑक्टोबर अख्खा गेला. परीक्षेआधी हातात जे दिवस उरले त्यात पुस्तकांची पानं उलटणंसुद्धा पुरं झालं नाही. नागपूरच्या सेंटरवर ऑडिटचा पेपर मी असा लिहिला, की तपासणाऱ्याला जिनिंगच्या धुळीनं शिंका आल्या असतील. निकाल लागला. दुसरा ग्रुप राहिला. मेमधे द्यावा तर एप्रिलात बँकांची ऑडिटं. त्या खेपेला मी तारीख लिहून अर्ज दिला. साहेबांनी तो "बघू" म्हणून ठेवला, आणि बघितला तेव्हा मे लागला होता.

तीन वर्षं पूर्ण झाली. सहीसुद्धा झाली, छान वळणदार. ग्रुप अजून तसाच आहे. मी त्याच ऑफिसात पगारावर आहे आणि फायलींच्या डोंगराच्या अलीकडच्या उतारावर बसते.

बाबांनी त्या मेलचा विषय घरी कधी काढला नाही. मीही नाही. मागच्या वर्षी लोधीखेड्याहून आतेभाऊ मुलीच्या लग्नाचं सांगायला आला. बाबांनी विचारलं, कधी?

"संत्रा तुटला का करून टाकू, मामा."

बाबा पाण्याचा गिलास हातात घेऊन बसले होते. तो त्यांनी खाली ठेवला.

"तारीख सांग," ते म्हणाले. "तारीख नसन तं मंग ये."

आतेभाऊ हसला. त्याला वाटलं, मामा थट्टा करून राहिले. मी चहा ठेवायला आत गेले.