पहिला चित्रपट दुसरा निघाला

आमच्या चित्रपट संग्रहालयाच्या वाचनालयात कार्डकाका सदतीस वर्षं बसले, आणि त्यातली सोळा वर्षं त्यांनी माझं डोकं खाल्लं. मी शेजारच्या टेबलावर जुन्या मासिकांचे बांधीव खंड सांभाळते. काकांकडे लाकडी कपाट, कपाटाला बहात्तर खण आणि खणांत अकरा हजार कार्डं. एकेक कार्ड एकेका माणसाचं किंवा चित्रपटाचं. कोणी कधी काय केलं, ते कुठं छापून आलं, सगळं काकांच्या शिस्तीतल्या अक्षरात. पंख्याच्या वाऱ्यानं कार्ड उडू नये म्हणून उन्हाळ्यातही हा माणूस पंखा लावू देत नसे. काकू एकदा म्हणाल्या होत्या, "मी सांगितलेली आमच्या लग्नाची तारीखही यांनी माझ्या बहिणीला विचारून पक्की केली." मला ती थट्टा वाटली नाही.

काकांचा नियम एकच होता. त्या काळातले दोन पुरावे असल्याशिवाय कार्डावर काही चढणार नाही. कोणी संशोधक येऊन "सगळ्यांना माहीतच आहे" म्हणाला की काका चष्मा वर ढकलून विचारत, "सगळे म्हणजे कोण? नावं सांगा, लिहून घेतो." दोन पीएचडीवाले तर त्यांच्यापुढून अक्षरशः पळून गेले.

काकांच्या निवृत्तीला महिना उरला असताना नव्या संचालक मॅडम आल्या. मॅडम वाईट नव्हत्या, फक्त घाईत होत्या. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "काका, हे सगळं संगणकावर चढवायला माणसं लावावी लागतील. त्याआधी ही कार्डं भरवशाची आहेत का ते मला बघायचंय. नाहीतर कपाट गोदामात जाईल." गोदाम म्हणजे तळघर. तिथं गेलेली वस्तू परत वर आल्याचं मी पाहिलेलं नाही.

परीक्षेचा विषयही मॅडमनीच ठरवला. एका थोर दिग्दर्शकाच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही त्यांचे सगळे चित्रपट दाखवणार होतो आणि सोबत एक पुस्तिका काढणार होतो. हे दिग्दर्शक म्हणजे मौनाचे बादशहा. त्यांच्या चित्रपटात माणूस खिडकीशी दहा मिनिटं उभा राहतो आणि प्रेक्षकही खोकायला घाबरतो. पुस्तिकेतली त्यांची सुरुवातीची वर्षं काकांच्या कार्डावरून लिहायची आणि मासिकांतून पडताळायची. सगळं जुळलं तर पूर्ण कपाट संगणकावर चढणार.

काका खुशीत होते. "या माणसाचं कार्ड मी पहिल्याच वर्षी केलंय," ते म्हणाले. कार्डावर पहिला चित्रपट म्हणून तो प्रसिद्ध, बक्षिसं मिळवलेला, जवळजवळ बिनसंवादाचा चित्रपट होता. पुढं दोन पुरावे: एका रंगीत मासिकातली मुलाखत आणि एक पुस्तक. त्यानंतर निघालेल्या पाचही पुस्तकांत तेच होतं.

आम्ही मुलाखती काढल्या तेव्हा पहिली ठेच लागली. शहरात आलो बाविसाव्या वर्षी, असं दिग्दर्शकसाहेब प्रत्येक ठिकाणी सांगत. प्रसिद्ध चित्रपट आला अठ्ठाविसाव्या वर्षी. मध्ये सहा वर्षं. पण एका मुलाखतीत ते तीन वर्षं छायालेखकाचे सहाय्यक होते, दुसरीत चार वर्षं ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आवाज देत होते आणि तिसरीत दोन वर्षं एका कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात जाहिराती लिहीत होते. काकांनी बेरीज केली. "सहा वर्षांत नऊ वर्षं नोकरी. एवढा कष्टाळू माणूस मी पाहिला नाही."

मुलाखत देणारा माणूस आठवणीनं बोलतो, आणि आठवण पाहुण्यांसमोर चांगले कपडे घालून येते. म्हणून मी माझे खंड काढले. वितरक आणि चित्रपटगृहांचे मालक वाचत ते धंद्याचं साप्ताहिक. त्यात कौतुक कमी आणि माहिती जास्त: कोणाचं चित्रीकरण कुठं चाललंय, कोणत्या चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं, कोणता चित्रपट कुठं लागला आणि किती दिवसांत उतरला. सूची नाहीच, त्यामुळं पान न् पान उलटायचं. मी तीन दिवस शिंकले.

हळूहळू नोकऱ्या आपापल्या मापाच्या झाल्या. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चार वर्षं नव्हे, अकरा महिने. छायालेखकाचे सहाय्यक म्हणून नाव कुठंच नाही, फक्त एका छायाचित्राखाली "छत्री धरलेले" असा उल्लेख होता. प्रसिद्धी खात्याचं मात्र खरं निघालं. आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी चार ओळी सापडल्या: त्या खात्यातल्या तरुण सहाय्यकानं नोकरी सोडली असून तो एका विनोदी चित्रपटाचं दिग्दर्शन करणार आहे.

"विनोदी?" काकांनी चष्मा पुसला.

पुढच्या अंकांत धागा सुटत नव्हता. चित्रीकरण सुरू. दोन महिन्यांनी चित्रपटाचं नाव बदललं, पण निर्माता तोच, कलाकार तेच. चित्रपट एका बोलक्या पोपटाचा होता. मालक गप्प बसतो आणि पोपट घरातली सगळी गुपितं फोडतो. पोपटाला आवाज खुद्द दिग्दर्शकानं दिला होता. मौनाचा बादशहा! मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. मग पानभर जाहिरात मिळाली, "या शुक्रवारी सर्वत्र".

"झालं," मी म्हणाले. "प्रसिद्ध चित्रपटाच्या वीस महिने आधी."

"काही झालं नाही," काका म्हणाले. "ही जाहिरात आहे. शुक्रवारी लागणार असं आधी छापतात. लागला का ते पुढच्या अंकात बघायचं."

काकांचंच खरं निघालं. पुढच्या अंकात लिहिलं होतं की दुसरा चित्रपट जोरात चालल्यामुळं चित्रपटगृह मोकळं झालं नाही, पोपट पुढं ढकलला. मी काकांकडे बघितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवला नसता. सात आठवड्यांनंतरच्या अंकात प्रमाणपत्राच्या यादीत क्रमांक मिळाला, आणि त्याच्या पुढच्या अंकात व्यवसायाच्या पानावर ही ओळ: एकाच चित्रपटगृहात लागला, तिसऱ्या दिवशी उतरला, शेवटच्या खेळाला चौदा प्रेक्षक.

दोन पुरावे, दोन्ही त्या काळातले: एक सेन्सॉरच्या यादीचा, दुसरा चित्रपटगृहाच्या हिशेबाचा. काकांनी ते दोनदा वाचले. मग त्यांनी आपलं जुनं कार्ड काढलं आणि त्यावर पुरावा म्हणून नोंदलेलं पुस्तक मला आणायला सांगितलं. पुस्तकाच्या मागं टिपा होत्या. लेखकानं पहिल्या चित्रपटाची माहिती घेतली होती त्याच रंगीत मासिकातल्या मुलाखतीवरून. आणि पुढच्या पाच पुस्तकांनी टिपेत लिहिलं होतं, "संग्रहालयातील कार्ड".

काका खुर्चीत बसले. "साक्षीदार दोन, पण तोंड एकच," ते म्हणाले. "सदतीस वर्षं मी लोकांना हेच सांगून हाकललं. आणि माझंच कार्ड."

मला त्यांचा राग यायचा, पण त्या दिवशी नाही आला. मी म्हणाले, "काका, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. पुस्तिका छापून जाऊ द्या. कपाट वाचेल. मग सावकाश दुरुस्त करू."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई आठवल्या. मग कार्ड आणि ते खंड उचलून ते मॅडमच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, कारण खंड माझे होते.

मॅडमनी सगळं ऐकलं. "अशी अजून किती कार्डं असतील?"

"माहीत नाही," काका म्हणाले.

खोटं बोलणं त्या माणसाच्या जिवावर आलं असतं, हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, निदान "थोडी" तरी म्हणा. मॅडमनी कपाळ चोळलं. "उद्या पुस्तिका छापायला जाते. साहेबांना फोन लावू. त्यांनी नाही म्हटलं तर मी त्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्याशी भांडत बसणार नाही. जुनंच छापू आणि कपाटाचं मी बघते." कपाटाचं बघते म्हणजे तळघर, ते आम्हा दोघांनाही कळलं.

फोन स्पीकरवर लावला. साहेबांचा आवाज खरोखरच शांत होता. काकांनी प्रस्तावना केली नाही. "साहेब, मी वाचनालयातून बोलतोय. तुमच्या कार्डावर पहिला चित्रपट चुकीचा आहे. चूक माझी आहे, सदतीस वर्षांपूर्वीची. पोपटाचा चित्रपट प्रदर्शित झाला होता."

पलीकडं इतका वेळ शांतता होती की मॅडमनी फोन चालू आहे का ते वाकून बघितलं. साहेबांच्या चित्रपटात ही शांतता मी सोसली असती. इथं मी मॅडमच्या टेबलावरच्या टाचण्या मोजायला लागले.

"तुम्हाला कुठं मिळालं?" साहेबांनी विचारलं.

"धंद्याच्या साप्ताहिकात. तिसऱ्या दिवशी उतरला. शेवटच्या खेळाला चौदा प्रेक्षक."

"अकरा," साहेब म्हणाले.

काकांचा हात आपोआप पेनाकडं गेला. "साप्ताहिकात चौदा आहेत."

"मी मागच्या रांगेत होतो. मोजून अकरा. मालकानं लाज राखायला तीन वाढवले असतील." साहेब थांबले. "मुलाखतीत मला विचारलं, तुमचा पहिला चित्रपट कसा सुचला? ते बक्षीसवाल्याबद्दल विचारत होते. मी उत्तर दिलं. नाही कशाला म्हणायचं? मग ते कार्डावर आलं, पुस्तकात आलं. मलाही बरं वाटलं. पण एक सांगू का तुम्हाला?"

"सांगा," काका म्हणाले.

"त्या अकरांत दोघं झोपले होते. बाकीचे वैतागले होते. पण पुढच्या रांगेत एक बाई होती, एकटीच आलेली. पोपट बोलला की ती पोट धरून हसायची. दर वेळी. मी नोकरी सोडलेली, निर्माता पळालेला, दुसऱ्या दिवशी गावी परत जायचं ठरवलेलं. ती हसली म्हणून गेलो नाही. पन्नास वर्षं होत आली, मी हे कोणाला सांगितलं नाही. त्या चित्रपटाबद्दल कोणी विचारलंच नाही."

माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच वैताग आला.

"साहेब," काका म्हणाले, "हे कार्डावर घ्यायचं तर दुसरा पुरावा नाही माझ्याकडं."

पलीकडून हसू आलं. मोठ्यानं, मोकळं, त्यांच्या कुठल्याही चित्रपटात नसलेलं. "बरोबर आहे. लिहू नका. पण पोपट लिहा."

फोन ठेवल्यावर काकांनी जुन्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. त्याखाली पोपटाचा चित्रपट, दोन अंकांच्या तारखा, "चौदा, दिग्दर्शकाच्या मते अकरा", आणि शेवटी: "आधीची नोंद चुकीची. चूक करणारा मीच." खाली सही आणि तारीख. मॅडमनी कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ वाचलं.

"आपली चूक अशी रेघ मारून दाखवणारं एकही पुस्तक मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "टाइप करणाऱ्यांना सोमवारी बोलावते. खोडलेलं पण चढवायचं, सहीसकट. आणि निवृत्तीनंतर तुम्ही रोज येऊन त्यांच्याशेजारी बसायचं."

"रोज?" मी विचारलं. मला आवाज आवरता आला नाही.

काकांनी कार्ड खणात ठेवलं, खण बंद केला. मग परत उघडून एक कोरं कार्ड काढलं. वर लिहिलं, "पुढच्या रांगेतली बाई". खालची सगळी जागा त्यांनी मोकळी सोडली आणि मला म्हणाले, "त्या वर्षीचे बाकीचे खंड आण. कोणीतरी तिला पाहिलं असेल."