सहा मुलींचा एक आवाज

सोलापूरच्या त्या सभागृहात मला फक्त सात मिनिटं मिळणार होती. अनुदान देणाऱ्या समितीची अट होती, पडद्यावर काही दाखवायचं नाही, नुसतं बोलायचं, आणि मोजता येईल असा एकच परिणाम सांगायचा. अनुदान हुकलं असतं तर जूनमध्ये आमच्या संस्थेचे वर्ग बंद पडले असते. माझा आकडा पाठ होता. शाळा सुटलेल्या चाळीस मुलींना आम्ही पुन्हा दाखल केलं, सहा महिन्यांनी छत्तीस जणी वर्गात आहेत.

पडताळणी फोनवरून व्हायची. मुलीचा स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय यादीत खूण करायची नाही आणि फोन रेकॉर्ड करायचा, हा नियम माझाच. मी तो मिरवतही असे.

भाषणात एखादीचं बोलणं सांगावं म्हणून मी सकाळी बाहेरच्या बाकावर बसून रेकॉर्डिंग ऐकू लागले. पहिली आठवीत होती, रोज जाते म्हणाली. मागे यंत्रमागाची खटखट. दुसरी नववीत. मागे तीच खटखट. तिसरीनं बोलण्याआधी बारीक श्वास घेतला आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं. तो श्वास मी आधी दोनदा ऐकला होता. अशा सहा निघाल्या. नावं सहा, आवाज एक.

यादीत सहाही जणींपुढे एकच नंबर होता. सहाही जणी एकाच चाळीतल्या, तिथे एकच फोन, म्हणून सगळ्यांनी तोच दिलेला. दर महिन्याला फोन करणारं माणूस बदलायचं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मी तो नंबर लावला.

"हालो," तोच आवाज म्हणाला. मी पहिल्या मुलीचं नाव घेतलं. "मी हाय की, ताई." दुसरीचं घेतलं. "मी हाय की." तिसरं नाव मी घेतलंच नाही. तू कोण आहेस, असं विचारलं.

"माझं नाव तुमच्या यादीत न्हाय, ताई. मी घरी विड्या वळते. त्या साजणी शाळा सोडून कामाला गेल्यात. फोनवर न्हाय सापडल्या तर तुमी त्यांची नावं काडाल."

मला तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात आत बोलावलं.

चौथ्या मिनिटाला आकडा आला. मी तीस म्हणाले. सहाजणींची पडताळणी खोटी निघाली, आता शाळेचा हजेरीपट पाहिल्याशिवाय कुणालाही मोजणार नाही, हेही सांगितलं. सातव्या मिनिटाला घंटा झाली. एका सदस्यानं विचारलं, मग फोनवर होतं कोण? मी म्हटलं, एकेचाळिसावी. शाळेत येतेस का, हे आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

अनुदान मिळालं, मागितल्यापेक्षा कमी. जूनमध्ये ती शाळेत गेली. महिन्याभरानं हजेरीपट पाहून मीच तिला फोन केला. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, आणि मला तो आवाज ओळखूच आला नाही.