मोहोरबंद पाकीट

बायकोला जाऊन दोन वर्षं होत आली. ती अंबरपेठच्या एका शाळेत गणित शिकवायची. परदेशी माल आणि परदेशी नोकऱ्या दोन्ही शहरात एकदमच आल्या, त्या वर्षांतली ही गोष्ट.

अमेरिकेतल्या काही शाळांना गणित-विज्ञानाचे शिक्षक मिळत नाहीत, अशी जाहिरात तिने वाचली. दिलसुखनगरला, एका कोचिंग क्लासच्या माडीवर, तिकडे नोकऱ्या लावून देणाऱ्या सल्लागाराचं ऑफिस होतं.

"मॅथ्स है ना मॅडम? फिकर नक्को करो," तो म्हणाला.

मला तिथेच संशय आला. एवढ्या मोठ्या देशाला गणिताचे मास्तर मिळत नाहीत?

"तुम्हाला दूधवाल्याचाही संशय येतो," जिना उतरताना ती म्हणाली.

तिथल्या राज्याचं शिकवण्याचं लायसन हवं, तर आपल्या पदव्या आधी तिकडच्या संस्थेकडून तपासून घ्याव्या लागत. विद्यापीठाची गुणपत्रकं हवी होती, आणि बी.एड. कॉलेजचं पत्र: सराव पाठ किती, किती आठवडे, कोणाच्या देखरेखीखाली. दोन्ही बंद पाकिटांत, झाकणावर सही-शिक्का. शिक्का तुटला की पाकीट बाद.

कॉलेजमध्ये ती सहा खेपा गेली. सातव्या खेपेला पाकीट मिळालं. पण ती खेप सल्लागाराच्या माणसाने केली होती. पत्रात काहीतरी खोटं लिहून घेतलं असणार, उद्या पकडली जाईल ती, असं माझ्या मनाने घेतलं. ती शाळेत असताना मी पातळ सुरी घेऊन पाकीट उघडलं.

आत सगळं खरं होतं. चाळीस पाठ, आठवडे, तास. खाली तिच्या म्हाताऱ्या प्राध्यापिकेने हाताने लिहिलं होतं, की यातले पंचवीस पाठ मी स्वतः मागच्या बाकावर बसून पाहिले.

डिंक लावून पाहिला. शिक्क्याच्या दोन कडा जुळेनात.

संध्याकाळी मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने पत्र दोनदा वाचलं.

"पटली खात्री?"

"अगं, तो माणूस..."

"त्याचं राहू द्या."

दुसरं पाकीट मिळेपर्यंत जुलै संपला. तिकडे शाळा ऑगस्टात भरतात. सल्लागाराने तिच्यासाठी पाहिलेली जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, असं मी दोन-तीनदा म्हणालो. ती वह्या तपासत राहिली.

एकदाच, पोळ्या करताना, पाठमोरीच तिने विचारलं, "मी गेले असते तर परत आले नसते, असं वाटलं होतं ना तुम्हाला?"

"छे, काहीतरीच," मी म्हणालो.

वाटलं होतं.