प्राण— आणि पुढे काहीच नाही

मला लोकांचं बोलणं पुरं होईस्तोवर धीर धरवत नाही. बायको म्हणते, तुम्ही समोरच्याचं वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेता. खरं आहे. तरुणपणी तर मी या खोडीचा अभिमान बाळगायचो. पोस्टाच्या तारखात्यात लागलो तेव्हा कट्ट-कड ऐकता ऐकता चार अक्षरांवर शब्द ओळखायचो आणि यंत्राच्या आधी लिहून मोकळा व्हायचो. शंभरातले नव्याण्णव शब्द बरोबर निघायचे. त्या शंभराव्या शब्दाची गोष्ट सांगायला आजही माझी जीभ अडखळते.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बंदराच्या गावी मी तारबाबू होतो. ऑफिसात माणसं तीन. साठीला टेकलेले पोस्टमास्तर, मी आणि टपाल वाटणारा शिपाई. तारा दुरुस्त करणारा लाइनमन गावातच राहायचा. मुंबईची तार आधी म्हसळ्याला यायची, तिथला बाबू ती कागदावर उतरवून घ्यायचा आणि मग आमच्या तारेवर वाजवायचा. माझ्या टेबलावर तारेचे ठोके वाजवणारा पितळी साउंडर होता. आवाज ठसठशीत यावा म्हणून मी त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा डबा उभा केला होता.

वैशाखातली सकाळ होती, वारा सुटला होता. दहाच्या सुमारास म्हसळ्याने हाक दिली. तारेच्या आधी मथळा येतो. कुठून निघाली, किती वाजता, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पत्त्यासकट शब्द किती. मथळ्यात अठ्ठावीस शब्द होते. पत्ता बोर्ली पंचतनच्या वाटेवरच्या एका वाडीतल्या शेतकऱ्याचा. तारा इंग्रजीत असायच्या, मजकूर मराठीत सांगतो: मुलाला गोदीत अपघात, इस्पितळात आहे, डॉक्टर म्हणतात प्राण—

आणि साउंडर गप्प.

माझी पेन्सिल मात्र थांबली नाही. 'गेले' असं मी लिहून टाकलं. विचार केला नाही, हाताने लिहिलं. त्या काळी आमच्याकडे तार म्हणजे निम्म्या वेळा मरणाचीच असायची. लिहिलेलं पाहून मी स्वतःच च्‌ च्‌ केलं, आणि टेबलाशी टपालाची थैली भरणाऱ्या शिपायाने वाकून कागद पाहिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं.

"वाईट हाय का, बाबू?"

मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही.

शिपाई त्याच वाडीच्या शेजारचा. त्याची एक रीत होती. घरात वाईट तार द्यायची असली की तो आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवायचा, म्हणजे तार हातात पडताना चार माणसं सावरायला जवळ असावीत. चांगली रीत होती. थैली खांद्याला मारून तो निघून गेला, आणि तो त्याच वाटेने जाणार हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मी शब्द मोजले. पत्ता धरून चौदा. 'गेले' धरला तर पंधरा. मथळ्यात अठ्ठावीस.

पोस्टमास्तर पाठीशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी कागद उचलला, चष्मा सारखा केला.

"चौदाव्या शब्दावर लाइन गेली ना? मग हा पंधरावा कुणी पाठवला?"

"साहेब, दुसरं काय असणार?"

"तेरा शब्द अजून उरतात. मेल्या माणसाबद्दल कोण तेरा शब्द खर्च करतो रे?" ते चिडले होते, आवाज मात्र चढला नव्हता. "तार ना तुझी, ना माझी. ज्याने पाठवली त्यालाच विचारायची."

"मग निदान आलीय तेवढी देऊ या?"

"अर्धी दिलीस तर उरलेली तो बाप पुरी करील. तुझ्यापेक्षा लवकर करील."

तेव्हा पहिल्यांदा मी घाबरलो. माणूस मेला असेल तर दोन तासांनी काही बिघडत नव्हतं. पण जिवंत असेल तर? त्या तेरा शब्दांत 'लगेच निघा' असेल तर? मुंबईला जाणारी बोट चार वाजता बंदरात लागायची, त्यानंतरची थेट दुसऱ्या दिवशी. विचारायचं तर विचारणार कसं? मी ठोके द्यायची कळ दाबून म्हसळ्याला हाका मारत सुटलो. उत्तर नाही. कळ दाबली की तारेतली वीज दाखवणाऱ्या यंत्राची सुई मात्र जोरात कलत होती. तार तुटून अधांतरी लोंबत असती तर सुई हललीच नसती. म्हणजे तार सलग होती, पण वाटेत कुठेतरी जमिनीला टेकली होती आणि माझी हाक म्हसळ्याला न पोचता मातीत जिरत होती. सुई इतकी कलते म्हणजे जागा फार लांब नसणार. मास्तरांनी लाइनमनला बागायतीच्या बाजूला पिटाळलं. त्या वाऱ्यात नारळाची झावळी पडली असणार, हा त्यांचा अंदाज. तोही अंदाजच, पण तो तपासायला माणूस धाडला होता.

मी दर पाच मिनिटांनी हाक मारत राहिलो. हाताला घाम सुटला की धोतराला पुसत होतो. अकरा वाजले. बारा वाजले.

साडेबाराला अंगणात माणसं आली. पुढे एक वाळका म्हातारा, अनवाणी, डोक्याला काही नाही. मागे चार-पाच जण, आणि त्यांच्यात आमचा शिपाई, मान खाली घालून. मी उठून दाराशी गेलो.

"बाबू," म्हातारा म्हणाला, "माजा पोरगा गेला म्हनतात. कागुद द्या माजा."

मी शिपायाकडे पाहिलं. तो पुटपुटला, "मी फकस्त शेजारी बोललो. तितं बायांनी रडाय घेतलं. सुनेला हिरीवर बसवलीय, बांगड्या फोडाय..."

विहिरीवर बसवलीय. माझ्या एका शब्दावर. म्हाताऱ्याला काय सांगावं? 'जिवंत आहे' म्हणावं असं ओठांवर आलं. तोही अंदाजच झाला असता, आणि खोटा निघाला असता तर त्या घरात माणूस दोनदा मेला असता.

"तार अर्धीच आली आहे," मी म्हणालो. "प्राण, इथवर. त्यापुढचा शब्द माझा आहे. मला आला नव्हता, मी आपल्या मनाने लिहिला. पुढे काय आहे ते मला माहीत नाही."

म्हातारा एक पायरी वर आला. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"मंग हाय का न्हाय त्यो?"

"माहीत नाही. विचारतोय."

मास्तरांनी ऑफिसची सायकल शिपायाच्या अंगावर ढकलली. "वाडीवर जा. सांग, तार पुरी आलेली नाही, कुणी कशाला हात लावायचा नाही. उडत जा!" शिपाई गेला. म्हातारा पायरीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो त्या पितळी यंत्राकडे पाहत होता. त्याचा मुलगा जणू तिथूनच बाहेर येणार होता.

दीडच्या सुमारास सुई एकाएकी कमी कललेली दिसली. लाइनमनने झावळी काढली होती. सबंध झावळी तारेवर पडून तार खांबावरच्या चिनीमातीच्या वाटीतून निसटली होती आणि सुपारीच्या शिंपलेल्या वाफ्यात जाऊन पडली होती. मी हाक दिली. म्हसळ्याने ओ दिली.

विचारायचीही रीत असते. 'पुढे काय आहे' असं मोघम विचारत नाहीत. चौदाव्या शब्दापासून शेवटपर्यंत पुन्हा द्या, असं मागायचं. म्हणजे आधीचा एक शब्द आपल्याकडचाच परत वाजतो आणि जोड बरोबर बसली का ते कळतं. म्हसळ्याच्या बाबूकडे सबंध तार कागदावर होतीच. त्याने सावकाश वाजवायला घेतली.

प्राण. जुळलं.

मग पुढचा शब्द. त्याची चार अक्षरं आली आणि माझ्या डोक्यात शब्द तयार झाला. मी पेन्सिल वर उचलून धरली. नाही लिहिला. शब्द पुरा वाजून शांत झाला, मग लिहिला. असे चौदा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा, शाळेतल्या पोरासारखे, एकेक करून ऐकले.

प्राण वाचतील, पाय कापला तर. तुमची संमती हवी. आजच्या बोटीने या. खाली पाठवणाऱ्याचं नाव, मुलाचा कुणी सोबती.

मी मोजले. अठ्ठावीस. सगळे शब्द म्हसळ्याला परत वाजवून दाखवले, त्याने 'बरोबर' दिलं, तेव्हा तोंड उघडलं.

"आजोबा, जिवंत आहे. पाय काढायचा आहे, संमतीला तुमचा अंगठा हवाय. चारची बोट धरा."

म्हातारा उठला, पण त्याला बंदराची दिशाच सुचेना. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर आपला पंचा टाकला, खिशातलं होतं नव्हतं ते त्याच्या मुठीत कोंबलं आणि मला म्हणाले, "जा, पडावात बसवून ये." मी त्याला हाताला धरून नेलं. तो छोटा पडाव खोल पाण्यातल्या बोटीला लागून म्हातारा वर चढेपर्यंत मी धक्क्यावरून हललो नाही. शेतकरी कुटुंबात घरातलं माणूस गेलं म्हटल्यावर सुतक धरून बसतात, त्या घरातला कर्ता मुंबईला निघत नाही. माझा शब्द खरा धरला असता तर म्हातारा वाडीतच बसून राहिला असता, आणि तिकडे पोरगा संमतीची वाट पाहत खरंच गेला असता. माझा अंदाज मग बरोबर ठरला असता.

शिपाई संध्याकाळी परतला. तो पोचला तेव्हा एका हाताच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या.

मुलगा वाचला. सहा महिन्यांनी कुबडीवर वाडीला आला, मग बोर्लीच्या बाजारात सुपारीचं दुकान टाकून बसला. मी मुद्दाम त्या बाजूला जात नसे. दीडेक वर्षाने त्याची बायको स्वतःच खिडकीवर आली, पोस्टकार्ड घ्यायला. मी तिला ओळखलं नाही, तिनेच ओळख दिली. कार्ड घेताना डावा हात पुढे केला. मनगटावर, हिरव्या बांगड्यांच्या वर, काचेने ओढलेला पांढरा वण होता.

"ह्ये तुमचं अक्षर, बाबू," ती म्हणाली.

तोंडावर हसू होतं का, ते मला कळेना. थट्टा करते आहे असं धरून मी हसणारच होतो. ओठ हललेही. मग थांबलो.

"राग आहे का गं माझ्यावर?" मी विचारलं.

तिने कार्ड पदराआड ठेवलं.

"हाय," ती म्हणाली. "पन इचारलंत, ह्ये बरं केलंत."