उलटे केलेले बाण

जुन्नरच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. चार कॉम्प्युटर, आम्ही दोघी मुली आणि पुण्याहून आठवड्यातून एकदा येणारे साहेब. मी निमगाव सावाची, वर्षभर आधी लागलेली, म्हणून सीनियर. दुसरी शिनोलीची, जुन्नरमध्येच खोली घेऊन राहणारी.

आखातातल्या एका दवाखान्यासाठी पेशंट-नोंदणीचं सॉफ्टवेअर होतं. त्याचे अरबी स्क्रीन आम्ही तपासायचो. अरबी आम्हाला कुणालाच येत नव्हती. सगळं आरशात पाहिल्यासारखं दिसायचं. मजकूर उजवीकडून सुरू, यादी उजवीकडे. बटणांवर अक्षरं नव्हती, नुसते बाण. पुढे जायचं बटण डाव्या कोपऱ्यात, बाणही डावीकडे. मागे जायचं उजव्या कोपऱ्यात, बाण उजवीकडे.

"हे चुकलंय," मी म्हटलं. "पुढचा बाण उजवीकडे हवा. सगळे उलटे कर."

"ताई, बरोबर वाटतंय मला. माझ्या घरमालकिणीचा पोरगा उर्दू वाचतो. त्याचं पुस्तक उजवीकडनं उघडतं, पुढचं पान डावीकडं. हेबी तसंच असंल."

"पुस्तक वेगळं, कॉम्प्युटर वेगळा. तू कर."

तिनं केलं. बटणं जागेवरच राहिली, फक्त त्यांच्यावरच्या बाणांची तोंडं उलटली. मी तपासून पास केलं.

महिन्याभरात साहेब न कळवता आले, दवाखान्याची तक्रार घेऊन. दवाखान्यातल्या बायका सवयीनं डावीकडे तोंड असलेला बाण दाबत होत्या पुढे जायला, आणि पान मागे जाऊन भरलेलं सगळं पुसलं जात होतं. चूक दुरुस्त करायला मागे जावं म्हणून उजवीकडे तोंड असलेला दाबला, तर चुकीचीच नोंद घेऊन पुढचं पान उघडायचं. एका पेशंटला कुठलं औषध चालत नाही, ते चुकीचं नोंदलं गेलं होतं. कुणाच्या तरी वेळीच लक्षात आलं. काम मात्र हातचं गेलं.

"बाण कुणी बदलले?" साहेबांनी विचारलं. बदलाच्या नोंदीत तिचं नाव होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली कीबोर्डकडे बघत होते. मला वाटलं, एक क्षण थांबू, मग सांगू. तो क्षण गेला.

"मला उमजलं न्हाई सर," ती एवढंच म्हणाली. साहेबांनी तिला कामावरून काढलं, आणि त्याच दिवशी डबा आणि छत्री घेऊन ती खाली उतरली. नोकरी होती तोवरच तिच्या घरचे लग्नाचं थांबले होते. पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं.

माझी तिथली नोकरीही फार टिकली नाही, पण ते काही प्रायश्चित्त नव्हतं.

तीन-चार वर्षांनी घोडेगावच्या स्टँडवर ती भेटली. कडेवर मूल होतं. "ताई, अजून कॉम्प्युटरचंच काम करता का?" तिनं विचारलं. राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

मी हो म्हणाले. तेवढ्यात तिची भीमाशंकरची गाडी लागली आणि ती गर्दीत शिरली. मी बोलायला तोंड उघडलं होतं की नाही, तेही आता मला खात्रीनं सांगता येत नाही.